जर्नलला पाठवलेला पेपर मागे घ्यायचा तर संपादकांना काय लिहावं

प्रश्न: माझा पेपर सात महिन्यांपूर्वी एका जर्नलला पाठवला. स्टेटस कधीपासून Under Review वर अडकलंय, चौकशीच्या दोन मेलना उत्तर नाही. थिसिस सबमिट करायची वेळ आलीय. गाइड म्हणतात, "सोड ते, दुसरीकडे पाठवून दे." आधी रीतसर मागे घ्यावाच लागतो का? पत्रात नेमकं काय लिहू? आणि त्यालाही उत्तर आलं नाही तर?

उत्तर:

तुमच्या गाइडांचं निम्मं बरोबर आहे. त्या जर्नलपाशी अडून राहायचं बंधन तुमच्यावर नाही, पेपर मागे घ्यायचा हक्क लेखकाला असतो. चुकतोय तो क्रम. सबमिट करताना तुम्ही एका चौकटीत टिक केली असेल, की हा पेपर दुसऱ्या कोणत्याही जर्नलच्या विचाराधीन नाही. दुसऱ्या जर्नललाही तीच टिक करावी लागणार, आणि पहिल्या जर्नलने फाइल बंद केलेली नसेल तर ती टिक खोटी ठरते. हे उघडकीला कसं येतं, तर बहुतेक वेळा रिव्ह्यूअरमुळे. तुमच्या विषयात नीट वाचणारी माणसं मोजकीच असतात आणि दोन्ही संपादक त्यांनाच विचारतात. मी एका जर्नलचा असोसिएट एडिटर म्हणून काम करतो. "हाच पेपर माझ्याकडे दुसऱ्या जर्नलकडूनही आलाय" असा रिव्ह्यूअरचा मेल आला की काय होतं, ते मी पाहिलं आहे: दोन्हीकडून नकार, आणि लेखकांचं स्पष्टीकरण पटलं नाही तर त्यांच्या संस्थेला पत्र. त्या पत्रात गाइडांचंही नाव असतं. हे त्यांना शांतपणे सांगा, बहुधा त्यांना पटेल.

म्हणून पत्राची भाषा हा तुमचा खरा प्रश्न नव्हे. पेपर मोकळा झाला असं जर्नलकडून लेखी मिळवायचं आहे, पत्र हे त्याचं साधन. पत्र गेलं म्हणजे पेपर मागे घेतला गेला, हा समज अनेकांचा असतो. तुम्ही पत्र पाठवता ती सूचना. संपादकांनी किंवा त्यांच्या कार्यालयाने "नोंद केली, फाइल बंद केली" असं कळवलं, किंवा सिस्टिममध्ये स्टेटस Withdrawn झालं, की काम पूर्ण. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

तरी पत्र लिहायच्या आधी दोन गोष्टी तपासा, कारण कदाचित मागे घ्यायची गरजच पडणार नाही.

पहिली, थिसिससाठी पेपर छापून आलेला लागतो का. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत थिसिसपूर्वी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली. विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात आणि काहींनी ठेवली आहे, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुमच्या नोंदणीच्या वर्षाला लागू असलेलं परिपत्रक पीएचडी विभागातून घ्या. कुठे स्वीकृतिपत्र चालतं, कुठे परिषदेत वाचलेला निबंध चालतो. जर्नल अमुक यादीत असायला हवं का, हेही त्याच वेळी विचारा. पुणे विद्यापीठातल्या कक्षामार्फत चालणारी यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली, पण अनेक महाविद्यालयांत अजून तिच्याच आधारे बोललं जातं. ज्या अटीपायी तुम्ही घाई करताय ती मुळात अस्तित्वात नसेल, तर सात महिन्यांची रांग सोडून नव्या रांगेच्या शेपटाला उभं राहण्यात अर्थ नाही. नवं जर्नलही काही महिने घेणारच.

दुसरी, तुमचे ते दोन मेल गेले कुठे. सबमिशनची पोच ज्या पत्त्यावरून आली त्यालाच "रिप्लाय" करणारे पुष्कळ असतात. तो पत्ता बहुधा यंत्राचा असतो आणि त्यावर आलेलं कोणी वाचत नाही. जर्नलच्या संकेतस्थळावर संपादकीय कार्यालयाचा वेगळा पत्ता असतो, आणि मुख्य संपादकांचा विद्यापीठातला पत्ताही सहसा सापडतो. सिस्टिममधूनच संदेश पाठवायची सोय असेल तर सगळ्यात उत्तम, कारण तो संदेश तुमच्या फाइलला जोडलेला राहतो. ओपन जर्नल सिस्टिम्सवर चालणाऱ्या जर्नलमध्ये, आणि भारतातली बरीच विद्यापीठीय जर्नलं त्यावरच आहेत, लेखकाला मागे घेण्याचं बटण बहुधा नसतं. तिथे तुमच्या सबमिशनच्या पानावर Add discussion वर जाऊन संपादकांना लिहायचं.

सात महिने म्हणजे फार की नाही, हे विषयावर आहे. गणितात किंवा अर्थशास्त्रात एवढा वेळ लागला तर कोणाला नवल वाटत नाही, रसायनशास्त्रात वाटेल. संपादकाच्या बाजूने सांगायचं तर मुद्दाम अडवून ठेवलेले पेपर मी जवळजवळ पाहिलेले नाहीत. घडतं असं: सहा-सात जणांना विचारलं, दोघं हो म्हणाले, एकाने अहवाल दिला, दुसरा गप्प झाला, मग तिसऱ्याचा शोध सुरू. बाहेरून तुम्हाला एकच ओळ दिसते, Under Review. तिच्याशेजारची तारीख मात्र पाहा. ती गेल्या महिन्याभरात बदलली असेल तर कोणीतरी फाइलला हात लावला आहे. पाच महिन्यांपूर्वीचीच असेल तर फाइल पडून आहे. आधी योग्य पत्त्यावर एक साधी चौकशी करा: "आतापर्यंत किती अहवाल आले आहेत आणि निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे?" त्यात "नाहीतर मागे घेतो" असं घालू नका. धमकीने फाइल पुढे सरकत नाही, आणि एखादा संपादक "बरं, घ्या" म्हणून मोकळा होतो. चौकशी ही चौकशी असू द्या आणि मागे घेण्याचं पत्र हे निर्णय झाल्यानंतरचं पत्र.

पेपर कोणत्या टप्प्यावर आहे यावर पत्राचं वजन बदलतं. रिव्ह्यूअरकडे जायच्या आधी असेल तर दोन ओळी पुरतात, कोणी काही विचारत नाही. तुमच्यासारखा रिव्ह्यूत अडकलेला असेल तर कारण द्यावं, कारण कोणीतरी त्यावर वेळ घातलेला असू शकतो. "सुधारणा करून पाठवा" असा निर्णय आला असेल आणि त्या सुधारणा करायच्या नसतील, तर तसं लिहून मागे घ्या. मुदत उलटू देऊन गप्प राहिलात तर फाइल कधी आपोआप बंद होते, कधी उघडीच राहते, आणि नेमकं काय झालं ते तुम्हाला कळत नाही. स्वीकृती मिळून कॉपीराइटचा करार झाला असेल तर मामला अवघड, कारण आता हक्क प्रकाशकाकडे गेलेले असतात आणि त्यांनी ते लेखी सोडावे लागतात. पेपर ऑनलाइन येऊन डीओआय चालू झाला, तर तो साधारणपणे मागे घेता येत नाही. तिथून पुढे दुरुस्ती किंवा रिट्रॅक्शन, आणि रिट्रॅक्शनची सूचना तुमच्या नावाने कायम दिसत राहते.

आता पत्र. तुमच्या परिस्थितीत मी असं लिहीन. जर्नल इंग्रजी असेल तर याच क्रमाने इंग्रजीत लिहा, फुलवू नका.

> विषय: हस्तलिखित मागे घेत आहोत, क्रमांक (सिस्टिमने दिलेला), "(पेपरचं पूर्ण शीर्षक)"
>
> मा. मुख्य संपादक,
>
> वरील हस्तलिखित आम्ही (तारीख) रोजी आपल्या जर्नलकडे सादर केले होते. ते आम्ही मागे घेत असून त्यावरील पुढील प्रक्रिया थांबवावी, ही विनंती.
>
> सादर करून सात महिने झाले आहेत आणि (तारीख) व (तारीख) रोजीच्या चौकशीला उत्तर मिळालेले नाही. प्रथम लेखकाच्या पीएच.डी. प्रबंधाची मुदत जवळ आल्याने आम्हाला यापुढे थांबता येत नाही. संशोधनातील माहिती वा निष्कर्ष यांत कोणतीही त्रुटी आढळलेली नाही.
>
> हा निर्णय सर्व लेखकांच्या संमतीने घेतला असून ते सर्व या मेलच्या प्रतीत आहेत. कॉपीराइट हस्तांतराचा कोणताही करार आम्ही केलेला नाही.
>
> हस्तलिखित मागे घेतल्याची नोंद झाल्याचे कृपया (पत्राच्या तारखेपासून दोन आठवड्यांनंतरची तारीख) पर्यंत कळवावे. ती पोच मिळेपर्यंत आम्ही हे हस्तलिखित अन्यत्र सादर करणार नाही.
>
> आपण आणि परीक्षकांनी दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहोत.
>
> (कॉरस्पाँडिंग ऑथरचं नाव, संस्था, सर्व लेखकांची नावं)

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ वाचणाऱ्याचं काहीतरी काम करते. क्रमांक विषयातच हवा, कारण पत्र आधी कार्यालयातला सहायक उघडतो आणि तो नावाने नव्हे, क्रमांकाने फाइल शोधतो. "मागे घेत आहोत" असं सरळ म्हणा. "मागे घेण्याचा विचार आहे" किंवा "शक्य असल्यास परवानगी द्यावी" असं लिहिलंत तर संपादक उलट मेल करून विचारतो की नक्की काय ते सांगा, आणि त्यात आणखी आठवडे जातात. पत्र कॉरस्पाँडिंग ऑथरनेच, सबमिशनला नोंदवलेल्या मेलवरूनच पाठवावं. दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं पत्र कार्यालयाने बाजूला ठेवलं तर ते बरोबरच आहे, कारण कोणीही उठून कोणाचाही पेपर मागे घेऊ शकेल.

सहलेखकांच्या संमतीची ओळ औपचारिक वाटते, पण संपादक ती आधी शोधतो. लेखकांत भांडण झालं की एकजण रागाने पेपर मागे घेतो आणि दुसरा आठवड्याने विचारतो की आमचा पेपर कुठे गेला. म्हणून काही जर्नलं सगळ्यांच्या सह्यांचं पत्र मागतात. लेखकांसाठीच्या सूचनांत तशी अट आहे का बघा, असेल तर सह्यांची पीडीएफ सोबत जोडा. गाइड तोंडी "पाठव" म्हणाले एवढ्यावर भागवू नका, सगळ्यांकडून एका ओळीचा होकार मेलवर घ्या. आणि एखाद्याला फक्त आपलं नाव काढून हवं असेल, तर तो लेखकयादीतला बदल झाला. त्याची प्रक्रिया वेगळी, त्यासाठी पेपर मागे घेऊ नये.

कारणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक सगळ्यात जास्त इथे घसरतात. उशीर झाला असं लिहिलं तर संपादकांना राग येईल, म्हणून "माहितीत गंभीर चूक आढळली" असं सभ्य वाटणारं कारण दिलं जातं. मग तोच पेपर, तेच तक्ते, महिन्याभरात दुसऱ्या जर्नलकडे जातात. तिथला रिव्ह्यूअर पहिल्या ठिकाणचाच निघाला, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही स्वतः लेखी चुकीची म्हणून सांगितलेली माहिती छापायला पाठवली आहे. उशीर हे मागे घेण्याचं पूर्ण मान्य कारण आहे. ते तारखांसकट, विशेषणांविना लिहा. "अत्यंत खेदजनक", "बेजबाबदार" वगैरे शब्दांनी तुमचं काही काम होत नाही. नमुन्यातली त्रुटी नसल्याची ओळही त्यासाठीच आहे. उद्या कोणी विचारलं तर मागे घेण्याचा संबंध संशोधनाच्या दर्जाशी नव्हता, हे त्याच पत्रात नोंदलेलं असतं.

एक कारण मात्र मला पटत नाही. अनुकूल अहवाल आले, त्यांतल्या सूचनांनी पेपर सुधारला, आणि आता हा अधिक मोठ्या जर्नलला जाईल म्हणून मागे घेतला. नियमाने ते अडवता येत नाही. पण ज्या दोघांनी फुकट वेळ देऊन तुमचा पेपर दुरुस्त केला, त्यांचा तो वापरच झाला, आणि संपादकांना हे कळतं.

खरोखर चूक सापडली तर पत्र कसं वेगळं होतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर पेपर पाठवला होता. तो रिव्ह्यूत असताना थिसिसचे तक्ते करताना तिच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेने आकडे नायट्रेट म्हणून दिलेलेच नाहीत, नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे दिले आहेत. अहवालाच्या शीर्षओळीत ते लहान अक्षरात होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती पूर्ण नायट्रेटची आहे. नायट्रोजनचा आकडा नायट्रेटमध्ये न्यायचा तर सुमारे ४.४३ ने गुणावं लागतं, कारण नायट्रेटचं वस्तुमान ६२ आणि त्यातल्या नायट्रोजनचं १४. म्हणजे जी विहीर पेपरात १४ मिलिग्रॅम दाखवून सुरक्षित ठरवली होती, तिचं नायट्रेट प्रत्यक्षात ६२ च्या आसपास होतं. पेपरचा निष्कर्ष होता की बहुसंख्य विहिरी मर्यादेत आहेत. दुरुस्तीनंतर तोच उलटला.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. चूक एखाद्या तक्त्यापुरती असती, तर मागे घेण्याची गरज नव्हती. संपादकांना कळवून दुरुस्त प्रत पाठवता आली असती, आणि बरेच संपादक तेच पसंत करतात. इथे निष्कर्ष, सारांश आणि शीर्षकसुद्धा बदलणार होतं, म्हणजे रिव्ह्यूअर जो पेपर वाचत होते तो उरलाच नव्हता. तिने दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवलं. कारणाचा परिच्छेद साधारण असा होता: "तक्ता दोनमधील नायट्रेटची मूल्ये नायट्रोजनच्या एककात असल्याचे आमच्या लक्षात आले आहे. नायट्रेटमध्ये रूपांतर केल्यावर अनेक नमुने मर्यादेच्या वर जातात आणि पेपरचा मुख्य निष्कर्ष टिकत नाही. पाण्याचे नमुने व प्रत्यक्ष मोजमाप यांत शंका नाही. दुरुस्त विश्लेषणावर आधारित पेपर नव्याने सादर करण्यास आपली हरकत नसल्यास कृपया कळवावे." चूक कुठे आहे, ती कुठवर पोचते आणि काय शाबूत आहे, तिन्ही गोष्टी चार वाक्यांत आल्या. "काही तांत्रिक कारणांमुळे" एवढंच लिहिलं असतं तर संपादकांनी वाईटात वाईट कल्पना केली असती. त्यांचं उत्तर लवकर आलं, फाइल बंद झाली, आणि नव्या क्रमांकाने पेपर पुन्हा तिथेच गेला. नव्या कव्हर लेटरमध्ये तिने जुना क्रमांक आणि मागे घेण्याचं कारण लिहिलं, तेही आवश्यकच होतं.

आता तुमचा शेवटचा भाग, उत्तरच आलं नाही तर. दिलेली तारीख उलटली की तेच पत्र, जुन्या मेलच्या खालीच, पुन्हा पाठवा. या वेळी मुख्य संपादक, ज्यांच्याकडे पेपर आहे ते असोसिएट एडिटर आणि संपादकीय कार्यालय, तिघांनाही. वर फक्त दोन ओळी: "(तारीख) च्या पत्राची पोच मिळालेली नाही. कृपया (नवी तारीख) पर्यंत कळवावे." तरी शांतता असेल तर प्रकाशकाकडे जा. मोठ्या प्रकाशकांचा लेखक-मदतकक्ष असतो, आणि तिथला कर्मचारी संपादकाची वाट न पाहता फाइल बंद करवून घेऊ शकतो. विद्यापीठाचं किंवा एखाद्या विद्वत्सभेचं जर्नल असेल तर त्या संस्थेच्या सचिवांना लिहा. छोट्या जर्नलमध्ये फोन जास्त चालतो, पण फोनवर "हो हो, केलं" असं म्हणाले की लगेच "आत्ताच्या बोलण्यानुसार" अशी सुरुवात करून मेल टाका.

जर्नल कोपचं, म्हणजे प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या समितीचं सदस्य असेल, तर पुढची पायरी तिथे आहे. कोप तुमचा पेपर सोडवून देत नाही, आणि जर्नल व प्रकाशक यांच्याकडची तक्रारीची वाट आधी वापरलेली असावी अशी तिची अपेक्षा असते. म्हणून तारखांसकट सगळे मेल एका ठिकाणी ठेवा. अनेकदा प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात "यानंतर कोपकडे जावे लागेल" एवढा उल्लेखही पुरतो.

सगळं करूनही कोणीच बोललं नाही तर? याला सर्वमान्य नियम नाही, माझं मत सांगतो. पेपर स्वीकारलेला नाही, कोणताही करार केलेला नाही, संपादक आणि प्रकाशक दोघांनाही लेखी कळवलं आहे आणि दिलेल्या मुदती उलटल्या आहेत, एवढं सगळं असेल तर नव्या जर्नलकडे जायला हरकत नाही, पण झालेलं उघड सांगून. कव्हर लेटरमध्ये लिहा की पेपर अमुक जर्नलकडे होता, अमुक तारखांना मागे घेतल्याचं कळवलं, पोच मिळाली नाही, पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. मी संपादक म्हणून असं पत्र वाचलं तर पेपर पुढे नेईन. तेच जर नंतर रिव्ह्यूअरकडून कळलं, तर नेणार नाही. जर्नल नेमकं कोणतं आहे यावर थोडं अवलंबून आहे, म्हणून शंका असेल तर नव्या संपादकांना सबमिशनआधीच एक मेल करून विचारा.

एक वेगळी शक्यताही डोक्यात ठेवा. महिनोन् महिने गप्प असलेलं जर्नल मागे घेण्याचं पत्र जाताच जागं होतं, "पेपर स्वीकारला आहे, मागे घ्यायचा तर इतके डॉलर भरा" असं कळवतं. रिव्ह्यूचे अहवाल मागा. ते नसतील किंवा दोन ओळींचे असतील, तर ओळखा. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनगृहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला, तेव्हाच्या आरोपांत हेही होतं: शुल्काची कल्पना आधी दिली नाही, आणि लेखकांना पेपर मागे घेऊ दिले जात नसल्याने ते दुसरीकडे छापता येईनात. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. तेव्हा अशा मागणीला घाबरून पैसे भरू नका. सबमिट करताना काय मान्य केलं होतं ते मात्र आधी काढून वाचा, कारण काही ठिकाणी मागे घेण्याचं शुल्क लेखकांसाठीच्या सूचनांतच छापलेलं असतं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार कॉपीराइट दुसऱ्याला देणं हे लेखी आणि सहीनिशीच होतं. तसं काही केलेलं नसेल तर उत्तरात एवढंच लिहा: "कॉपीराइट आमच्याकडेच आहे, प्रकाशनास आमची संमती नाही, पेपर प्रकाशित करू नये." पुढचे काही आठवडे पेपरचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधत राहा, कारण अशी मंडळी रागाने छापूनही टाकतात. छापलंच तर नव्या जर्नलकडे जायच्या आधी तो काढायला लावावा लागेल. ते फार कटकटीचं असतं, आणि विद्यापीठाच्या ग्रंथपालांची मदत तिथे खरोखर होते.

पोच हातात आली की तिची पीडीएफ करून ठेवा, मेल हरवतात. सबमिशनच्या वेळी पेपर प्रीप्रिंट म्हणून ठेवायला तुम्ही होकार दिला होता का, तेही आठवा. काही प्रकाशक तो पर्याय सबमिशनच्या ओघातच विचारतात. तसं असेल तर जर्नलमधून मागे घेतल्याने प्रीप्रिंट निघत नाही, त्याचा डीओआय राहतोच. बहुतेक जर्नलांना प्रीप्रिंट चालतो, फक्त नव्या सबमिशनमध्ये त्याची नोंद करायची. आणि अपलोड करण्यापूर्वी फाइलमधून जुन्या जर्नलचं नाव, त्याचा हस्तलिखित क्रमांक आणि त्याच्या शैलीतली संदर्भयादी काढा. जुन्या जर्नलच्या संपादकांच्या नावाने लिहिलेलं कव्हर लेटर तसंच चिकटवलेले पेपर माझ्याकडे दरवर्षी येतात.